गॅलरीच्या लोखंडी ग्रिलवर लाईटच्या माळा आणि कंदील: वायरिंग कसं करावं?

वैशाली_डोंबिवली

दिवाळी तीन आठवड्यांवर आली म्हणून धागा काढतेय. आमची गॅलरी साधारण दहा फूट लांब, समोर खालपासून वरपर्यंत लोखंडी ग्रिल, गॅलरीत प्लग नाही. हॉलमध्ये टीव्हीशेजारी जो प्लग आहे तिथून वायर स्लायडिंग खिडकीच्या फटीतून बाहेर काढायची अशी आजवरची पद्धत. या वर्षी मला ग्रिलभर पिवळसर मंद उजेड हवाय, लुकलुकणारा नको, आणि मधोमध एक मोठा कागदी कंदील. दिवाळीनंतरही त्रिपुरी पौर्णिमेपर्यंत ठेवायचाय, संध्याकाळी चहा घेऊन तिथं बसता येईल असा.

अडचण अशी की मागच्या वर्षी वरच्या मजल्यावरच्यांच्या ग्रिलला हात लावला की मुंग्या यायच्या. त्यांची मुलगी पाऊस पडून गेल्यावर ओल्या लादीवर अनवाणी उभी होती, तिला चांगलाच झटका बसला, नशीब की फेकली गेली आणि हात सुटला. तेव्हापासून माझ्या मनात धाकधूक आहे. यजमान म्हणतात एलईडीच्या माळेने शॉक लागत नाही, ती जुन्या बल्बची गोष्ट. खरं काय? आणि करायचंच तर कसं करावं?

प्राजू

अगं काही होत नाही, आम्ही दरवर्षी सात-आठ माळा सोडतो ग्रिलवर. एलईडी म्हणजे तीन व्होल्टचा दिवा, त्यात काय शॉक लागणार? लोड पण काहीच नसतो. वरच्यांच्या घरात दुसराच काहीतरी फॉल्ट असेल, गीझर वगैरे.

फेज_न्यूट्रल

प्राजू, लोडचं म्हणालात ते बरोबर. बाजारातली साधी माळ पाच ते दहा वॅटची असते. आठ माळा धरल्या तरी ऐंशी वॅट, म्हणजे २३० व्होल्टवर अर्धा अँपियरसुद्धा नाही. वायर तापून पेट घेईल ही भीती इथं दुय्यम आहे.

पण तीन व्होल्टचं गणित चुकतंय. एक दिवा तीन व्होल्टचा हे खरं, पण माळेत असे साठ-सत्तर दिवे एकामागोमाग जोडलेले असतात आणि ती सबंध रांग थेट २३० व्होल्टवर बसवलेली असते. मध्ये ट्रान्सफॉर्मर नाही. ती बटणवाली छोटी डबी असते ना, जिच्यावर दाबलं की लुकलुकण्याचा प्रकार बदलतो, तिच्यात फक्त एसीचं डीसी होतं आणि चालू-बंद होतं, व्होल्टेज कमी होत नाही. दोन शेजारच्या दिव्यांमध्ये तीन व्होल्टचा फरक, पण फेजकडच्या टोकाचा कुठलाही दिवा आणि तुमच्या पायाखालची ओली लादी यांच्यात जवळजवळ पूर्ण घरचं व्होल्टेज. म्हणून शॉक लागतो, आणि चांगला लागतो.

आता लोखंडी ग्रिल. माळ हातात घेऊन दिव्याच्या बुडाशी बघा. स्वस्त मालात वायर त्या प्लास्टिकच्या टोपीत नुसती खुपसलेली असते, जरा ओढली की दिव्याची तारेसारखी पायं उघडी दिसतात. तशी माळ ग्रिलच्या सळईला आवळून गुंडाळली, सळईला वेल्डिंगची कड, एक पाय टेकला, की अख्खं ग्रिल जिवंत. ग्रिल भिंतीत सिमेंटमध्ये बसवलेलं असतं, कोरड्या भिंतीतून करंट जमिनीत फारसा जात नाही, म्हणून काहीच ट्रिप होत नाही आणि कुणाला कळतही नाही. ओल्या लादीवर अनवाणी कुणी हात लावला की त्याच्यातून रस्ता मिळतो. वैशालीताईंच्या वरच्या मजल्यावर हेच झालं असण्याची शक्यता मोठी आहे. मुंग्या येणं ही पूर्वसूचना होती, तेव्हाच प्लग काढायला हवा होता.

निखिल_टी

फेज_न्यूट्रल यांच्या प्रतिसादाशी सहमत, फक्त एक भर. सहा अँपियरचा एमसीबी लावला असेल तर घाबरायचं कारण नाही, शॉक बसला की तो पडतोच. नसेल तर आधी तो बसवून घ्या, आणि ग्रिलला अर्थिंग द्या, विषय संपला.

फेज_न्यूट्रल

निखिल, एमसीबीबद्दल नाही हो. एमसीबी वायर वाचवतो, माणूस नाही. सहाचा एमसीबी पडायला सहाच्या बराच वर करंट जावा लागतो. माणसाचं हृदय बंद पाडायला काही दशांश तर सोडाच, तीस-चाळीस मिलिअँपियरचा करंट शरीरातून जरा वेळ वाहिला तरी धोका असतो. एमसीबीला त्याचा पत्ताही लागणार नाही.

माणूस वाचवतो तो आरसीसीबी. काही जण अजून ईएलसीबी म्हणतात. फेजमधून जितका करंट गेला तितका न्यूट्रलमधून परत आला का, एवढंच तो बघत असतो. तीस मिलिअँपियरची तूट दिसली की पडतो. घराच्या डीबीत बाकीच्यांपेक्षा रुंद, दोन वायरवाला आणि वर टी लिहिलेलं छोटं बटण असलेला स्विच असेल तर तोच. त्यावर ३० एमए लिहिलेलं असायला हवं, १०० किंवा ३०० असेल तर तो आगीपासून बचावासाठी असतो, माणसासाठी नाही.

माळा लावायच्या आधी ते टी बटण दाबून बघा. खाड्कन पडला तर ठीक. नाही पडला तर तो नुसता शोभेला आहे, वायरमनला बोलवा. आणि आरसीसीबी असला म्हणून काय वाट्टेल ते करू नका, एका हातात फेज आणि दुसऱ्या हातात न्यूट्रल धरला तर त्याला तूट दिसत नाही, तो पडणार नाही.

शामल_कुलकर्णी

कंदिलाचं विचारलंय म्हणून सांगते. कामट्या आदल्या दिवशी पाण्यात भिजवून ठेवायच्या म्हणजे वाकवताना तडकत नाहीत. सांगाडा दोऱ्याने बांधायचा, फेविकॉलच्या भरवशावर राहायचं नाही. पिवळसर उजेड हवा असेल तर पांढरा घोटीव कागद लावा आणि आत जरा हळदी रंगाचा दुसरा थर द्या, जिलेटीन पेपरपेक्षा कितीतरी छान उजेड पडतो. करंज्या खालून कापायच्या, वरून नाही. फोटो नंतर टाकते.

वैशाली_डोंबिवली

शामलताई, कंदील विकतचाच आणणार होते पण आता मोह होतोय! फोटो नक्की टाका. हळदी थराची आयडिया घेते.

फेज_न्यूट्रल, डीबी उघडून बघितली. रुंद स्विच आहे, ३० एमए लिहिलंय, टी बटण दाबलं तर सगळं घर बंद झालं, सासूबाई ओरडल्या मालिका गेली म्हणून. म्हणजे चालू आहे ना?

फेज_न्यूट्रल

चालू आहे. उत्तम. सासूबाईंना सांगा दर दोन-तीन महिन्यांनी एकदा मालिका जाणार.

मंद_उजेड

माझं म्हणणं असं की २३० व्होल्ट ग्रिलपर्यंत न्यायचेच कशाला? आम्ही दोन वर्षांपूर्वी ठरवलं की घराबाहेर जाणारी प्रत्येक वायर बारा व्होल्ट किंवा त्याहून कमीची. अॅडाप्टर हॉलमध्ये कोरड्या जागी, बाहेर फक्त त्याची बारीक वायर. मग उघडा पाय ग्रिलला टेकला काय नि पाऊस पडला काय, शॉकचा प्रश्न मिटतो.

ओळखायचं कसं: पाकीट उघडल्यावर प्लग थेट त्या बटणवाल्या डबीला जात असेल तर ती घरच्या व्होल्टेजची माळ. मोबाईलच्या चार्जरसारखा ठोकळा असेल आणि त्यावर आउटपुट ५, १२, २४ किंवा ३१ व्होल्ट डीसी असं छापलेलं असेल तर ती कमी व्होल्टची. तांब्याच्या तारेवरचे बारीक ठिपक्यांसारखे दिवे मिळतात ना, यूएसबीवर चालणारे, ते पाच व्होल्टचे. तुळशीला, कुंडीतल्या झाडाला गुंडाळायला ते सगळ्यात छान दिसतात.

पण ग्रिलभर उजेड हवा असेल तर मला पट्टी, म्हणजे एलईडी स्ट्रिप, आवडते. आमच्या गॅलरीचंच सांगतो, ती वैशाली यांच्याएवढीच आहे. ग्रिलची चौकट वरून-खालून दहा-दहा फूट, दोन्ही बाजूंना पाच-पाच, मिळून तीस फूट, म्हणजे साधारण नऊ मीटर. पाच मीटरचे दोन रोल लागले. आमच्या पट्टीवर मीटरला ४.८ वॅट लिहिलेलं होतं, दहा मीटरचे ४८ वॅट, बारा व्होल्टला भागलं की चार अँपियर. अॅडाप्टर पाच अँपियरचा घेतला, नेमका चारचा घेऊ नका, सतत पूर्ण जोरावर चालला की तापतो आणि एका सीझनमध्ये जातो.

दुकानदार सांगेल दोन्ही रोल एकापुढे एक जोडा. तसं केलं की दुसऱ्या रोलच्या टोकाला उजेड मलूल पडतो. त्यामुळे अॅडाप्टरपासून दोन्ही रोलना वेगवेगळी वायर न्यायची. ती वायर पण केसासारखी नको, आम्ही दीड एमएमची घरची वायर वापरली. पट्टीचं तोंड बाहेर रस्त्याकडे न करता आत भिंतीकडे केलं, त्यामुळे दिवे दिसतच नाहीत, नुसती भिंत उजळते. वॉर्म व्हाईट घ्या, डबीवर ३००० के किंवा २७०० के लिहिलेलं. अॅडाप्टर आणि पट्टीच्या मध्ये छोटा डिमर लावला की चहाच्या वेळचा उजेड वेगळा, पाहुणे आल्यावर वेगळा.

प्राजू

बापरे एवढं गणित! पण आत भिंतीकडे तोंड करायची कल्पना भारीच.

फेज_न्यूट्रल

मंद_उजेड यांना अनुमोदन. वैशालीताई, तुमच्यासाठी हाच रस्ता. दोन सूचना करतो.

एक, दुकानात तुम्हाला जाळीच्या पत्र्याचा उघडा एसएमपीएस दाखवतील, स्वस्त पडतो. त्याच्या स्क्रूंवर एका बाजूला २३० आणि शेजारीच बारा व्होल्ट उघडे असतात. घरात लहान मूल असेल तर अजिबात नको. प्लगवाला बंद अॅडाप्टर घ्या.

दोन, बारा व्होल्टचा शॉक बसत नाही म्हणून आग लागत नाही असं समजू नका. पाच अँपियरचा अॅडाप्टर असेल आणि जोड नुसता पिळून टेप गुंडाळलेला असेल तर तो जोड गरम होतो, टेप वितळतो. जोड स्क्रूवाल्या कनेक्टरमध्येच करा, आणि पहिल्या दिवशी तासाभराने बोटाने चाचपून बघा. नुसता कोमट चालेल, बोट ठेववत नसेल तर जोड सैल आहे. अॅडाप्टर पडद्यामागे किंवा सोफ्याच्या फटीत कोंबू नका, त्याला हवा लागते.

कोकणी_माणूस

आमच्याकडे अंगण आहे, गॅलरी नाही, त्यामुळे थोडं अवांतर होईल. पण आरसीसीबीचा विषय निघाला म्हणून आमचा अनुभव लिहितो, कुणाला उपयोग होईल.

आमच्या अंगणात तुळशीवृंदावनाभोवती आणि चिऱ्याच्या गडग्यावर माळा, त्या २३० व्होल्टच्याच. मागच्या दिवाळीत रोज पहाटे अंधारात घरचा आरसीसीबी पडायचा. सकाळी नऊला चढवला की दिवसभर ठीक, पुन्हा पहाटे तेच. पाऊस नव्हता. वायरमन दिवसा आला, सगळं तपासलं, म्हणाला काही नाही, आरसीसीबी खराब आहे, नवीन टाका. मी नाही टाकला.

एके पहाटे उठलो, सगळ्या माळांचे प्लग काढले, आरसीसीबी चढवला, आणि एकेक प्लग घालत गेलो. पहिली, दुसरी ठीक, तिसरी घातली की धाड. वाटलं हीच. पण ती एकटी घातली तर पडत नव्हता! मग लक्षात आलं की तिसरी आणि पहिली दोन्ही असल्या की पडतो. दोन्ही बाहेर काढून बघितल्या तर दोन्हींच्या एक्स्टेन्शनचा टेप मारलेला जोड गडग्यावर पडलेला, आणि गडगा दवाने ओलाचिंब. दुपारी चिरा वाळला की काही नाही. टेपवर मी वरून प्लास्टिकची पिशवी गच्च बांधली होती, ती सोडली तर आत चमचाभर पाणी.

फेज_न्यूट्रल

काय सुंदर शोधलंत! ही पद्धत प्रत्येकाने लक्षात ठेवण्यासारखी आहे, आणि ज्या वेळी पडतो त्याच वेळी तपासायचं ही त्यातली मेख. दोन्ही मिळून पडत होता कारण गळती बेरजेत मोजली जाते. तीसचा आरसीसीबी पंधरा आणि तीसच्या मध्ये कुठेही पडू शकतो. प्रत्येक जोडातून दहा-बारा गळत असतील तर एकेकटी माळ निभावते, दोन मिळून पाडतात. त्याला खराब म्हणून काढून टाकलं असतं किंवा, जे मी अनेक घरांत बघितलंय, बायपास केलं असतं, तर मग काय उरलं?

पिशवी गच्च बांधू नये. रात्री हवा गार होते, आतली वाफ पाणी होऊन साचते, निघायला वाट नाही. बाहेर जोड करावाच लागला तर तो टांगता ठेवायचा, वर काहीतरी छत्रीसारखं, खालचं तोंड उघडं. आणि वायर जोडाकडे येताना आधी खाली झोळ देऊन मग वर आणायची, म्हणजे वायरवरून ओघळणारं पाणी झोळाच्या तळाशी गळून पडतं, जोडात शिरत नाही. पण मुळात जोड घरातच राहील इतकी लांब वायर घेणं सगळ्यात बरं.

न्यूजर्सीकर

इकडे बाहेरच्या प्रत्येक प्लगला जीएफसीआय लागतो. तो तुमच्या आरसीसीबीचाच भाऊ, पण पाच मिलिअँपियरच्या आसपास पडतो. पहिल्या वर्षी इतका वैताग आलेला, जरा पाऊस पडला की बाहेरच्या माळा बंद! आता कळतं का ते. इकडच्या माळांच्या प्लगमध्येच छोटा फ्यूज असतो, आणि दोन सुटे फ्यूज पण देतात. भारतातल्या माळांच्या प्लगमध्ये का नसतात कुणास ठाऊक.

बाकी भारतातून हौसेने माळा आणणाऱ्यांना: इकडे १२० व्होल्ट, त्यामुळे तिकडच्या माळा एकतर लागतच नाहीत किंवा काजव्यासारख्या मिणमिणतात. कंदील मात्र आणा, घडी होतो, आत इकडचा बल्ब लावा.

निखिल_टी

एमसीबीचं मान्य. पण ग्रिलला अर्थिंगवर मी ठाम आहे. ग्रिल अर्थ केलं तर माळेचा पाय टेकला त्या क्षणी आरसीसीबी पडेल, कुणी हात लावायची वाट बघावी लागणार नाही. यात चूक काय?

फेज_न्यूट्रल

आरसीसीबी चालू असेल तर तुमचं म्हणणं पटतं. पण ज्या घरात तो नाही, तिथं दुसरी बाजू बघा. माणूस एका हाताने खराब माळ हाताळतोय आणि दुसरा हात अर्थ केलेल्या ग्रिलवर, म्हणजे छातीतून सरळ रस्ता तयार. शिवाय जुन्या बिल्डिंगमध्ये अर्थची वायर खाली कुठे पोचते का हेच माहीत नसतं, ती मध्येच तुटलेली असेल तर शेजारच्या फ्रिजचा फॉल्ट तुमच्या ग्रिलवर यायचा. त्यामुळे मी सरसकट सांगत नाही.

निखिल_टी

अर्थ नीट तपासूनच द्यायची, हे गृहीतच आहे. तुटकी अर्थ आहे म्हणून अर्थ देऊच नका हे काही पटलं नाही.

तारा_एस

मी एका इलेक्ट्रिकल दुकानात काउंटरला असते. दोघांचंही ऐकणारे इंजिनिअर रोज येतात आणि रोज याच्यावर भांडतात, तेव्हा ते राहू दे. मी घेणाऱ्यांसाठी सांगते.

माळ हातात घ्या आणि दोन दिव्यांच्या मधली वायर जरा ताणून बघा, दिव्याच्या बुडातून निघते का. निघाली तर परत ठेवा, शोकेसमध्ये कितीही छान दिसत असली तरी. पाकिटावर बीआयएसचं चिन्ह आणि आर- च्या पुढे आठ आकडी नंबर असतो, तो बीआयएस केअर अॅपवर टाकून बघता येतो. सुट्या, पाकीट नसलेल्या माळांवर यातलं काहीच नसतं.

दुसरं, गिऱ्हाईक दरवर्षी जुनी माळ घेऊन येतं, ताई यातले वीस दिवे गेलेत, तेवढा तुकडा कापून उरलेली जोडून द्या. मी देत नाही. सत्तर दिव्यांत वाटलं जाणारं व्होल्टेज पन्नासांत वाटलं गेलं की प्रत्येकावर जास्त येतं, दोन दिवस झगझगीत लागतात मग पटापट जातात, आणि ती डबी इतकी तापते की प्लास्टिक मऊ पडतं. वर तो कापलेला जोड उघडा. अशी माळ टाकून द्या.

बाळासाहेब_सातारा

टेस्टर लावून बघायचं ग्रिलला. पेटला तर करंट, नाही पेटला तर बिनधास्त. एवढं सोपं आहे.

फेज_न्यूट्रल

बाळासाहेब, पेटला तर प्लग काढायचा, इथवर शंभर टक्के बरोबर. नाही पेटला तर बिनधास्त, हे नको. टेस्टर तुमच्या अंगातून जमिनीकडे जाणाऱ्या अगदी किंचित करंटवर पेटतो. तुम्ही प्लास्टिकच्या स्टुलावर रबरी चप्पल घालून उभे असाल तर तो इतका मंद पेटतो की दिवसाउजेडी दिसत नाही. शिवाय लुकलुकणाऱ्या माळेत ज्या क्षणी ती रांग बंद आहे त्याच क्षणी तुम्ही बघितलं तर? टेस्टरचं होकारार्थी उत्तर ऐकायचं, नकारार्थी नाही.

बाळासाहेब_सातारा

हे माहीत नव्हतं. बरं झालं लिहिलंत.

वैशाली_डोंबिवली

सगळ्यांचे खूप आभार. दोन दिवस वाचतेय, यजमानांनाही वाचायला लावलं, तीन व्होल्टचा मुद्दा त्यांना पटलाय. ठरलेलं असं: ग्रिलवर बारा व्होल्टची पट्टी, मंद_उजेड यांच्या हिशोबाने, अॅडाप्टर टीव्हीच्या कपाटावर मोकळ्या हवेत. तुळशीला यूएसबीची तांब्याची माळ.

राहिला कंदील. त्याला होल्डर आणि २३० व्होल्टचा बल्बच लागणार ना? आणि ती वायर स्लायडिंगमधून कशी काढू, खिडकी दरवेळी तिच्यावर आपटते.

मंद_उजेड

बारा व्होल्टचे बल्बही मिळतात, सोलरवाल्यांच्या दुकानात, नेहमीच्याच होल्डरमध्ये बसणारे. पाच-सात वॅटचा घ्या, त्याच पाच अँपियरच्या अॅडाप्टरवर अर्धा अँपियर जास्त, चालून जाईल. फक्त तो होल्डर घरच्या २३० वर चुकून कुणी जोडू नये म्हणून त्याच्या वायरला साधा दोन पिनचा प्लग लावू नका.

फेज_न्यूट्रल

हे चांगलं सुचवलंत. ज्यांना २३० चाच लावायचाय त्यांच्यासाठी: कंदील वायरला लटकवू नका, त्याचं वजन नायलॉनच्या दोरीवर घ्या आणि वायर शेजारून सैल सोडा. वाऱ्यात कंदील गरगर फिरतो, वजन वायरवर असेल तर होल्डरच्या आत स्क्रूपाशी तिच्या तारा एकेक करून तुटतात. बाहेरून काही दिसत नाही, मग एक दिवस बल्ब फडफडायला लागतो. फडफडणारा कंदील म्हणजे आत ठिणगी पडतेय असं समजून लगेच बंद करायचा, कागद आहे तो. बल्ब पाच-सात वॅटचा पुरतो, जुना साठ वॅटचा पिवळा बल्ब कागदाच्या कंदिलात नकोच. आणि शामलताई म्हणाल्या तसे दोन थर लावणार असाल तर वरचं तोंड उघडं राहू द्या, एलईडी बल्बचा वरचा भाग चांगला तापतो.

खिडकीचं: स्लायडिंगचा गज वायरवर दिवसातून दहादा घासला की महिन्याभरात इन्सुलेशन कापलं जातं, आणि ट्रॅक अॅल्युमिनियमचा. चौकटीच्या कोपऱ्याशी भिंतीत बारा एमएमचं भोक पाडून पीव्हीसी पाईपचा तुकडा घाला, बाहेरच्या बाजूला किंचित उतार देऊन. भाड्याचं घर असेल तर खिडकीच्या ट्रॅकमध्ये रबराचा अडथळा बसवा म्हणजे फट कायम राहील आणि गज वायरपर्यंत पोचणारच नाही.

शामल_कुलकर्णी

वरचं तोंड मी नेहमी उघडंच ठेवते पण ते उजेड वर छतावर पडावा म्हणून. तापण्याचं आज कळलं.

समीर_फोंडा

आमच्याकडे गोव्यात दिवाळीचे कंदील उतरेपर्यंत नाताळचे स्टार चढतात, त्यामुळे हे सगळं जानेवारीपर्यंत लागू. एक विचारायचं होतं, पाच व्होल्टच्या माळा पावसात बिनधास्त सोडता येतात का? माझी एक वर्षात गंजून गेली.

मंद_उजेड

शॉकच्या दृष्टीने हो, पण माळ टिकेलच असं नाही. पाणी आणि डीसी मिळून तांबं हिरवं होऊन खातं. समुद्राजवळ तर आणखी लवकर. प्रत्येक दिव्यावर पारदर्शक चिकाचा थेंब पूर्ण बसलेला आहे का बघून घ्या, आणि शेवटचं कापलेलं टोक उघडं असतं, तिथून पाणी शिरतं, तिथं ग्लू गनचा एक ठिपका द्या.

वैशाली_डोंबिवली

पाईपचं काम रविवारी करून घेते. सोलरवाल्याकडे बारा व्होल्टचा बल्ब मिळाला, पट्टी उद्या येईल.

पण आता नवीनच प्रश्न. वरच्यांनी कालच माळा सोडल्यात, त्याच २३० वाल्या, आणि त्यातल्या दोन लोंबून आमच्या ग्रिलला टेकतायत. सांगितलं तर म्हणाले तुम्ही तुमच्या बाजूने बांधून घ्या. आमचा आरसीसीबी त्यांच्या माळेवर पडेल का?

फेज_न्यूट्रल

नाही पडणार. तो फक्त तुमच्या मीटरपासून निघालेला करंट मोजतो, त्यांच्या माळेचा फॉल्ट त्यांच्याच डीबीत दिसेल, आणि तिथं आरसीसीबी आहे की नाही तुम्हाला माहीत नाही. तुम्ही स्वतः हात लावून बांधू नका. त्यांचा प्लग काढायला लावा, मग त्यांनाच त्या वर ओढून घेऊ द्या. ऐकत नसतील तर सेक्रेटरींना लेखी द्या, मागच्या वर्षी त्यांच्याच मुलीला झटका बसल्याचं त्यात नमूद करा. तोवर तुमच्या घरातल्या कुणीही त्या ग्रिलला हात लावायचा नाही, कपडे वाळत घालायला सुद्धा.

निखिल_टी

आणि याच कारणासाठी मी म्हणत होतो ग्रिल अर्थ करा! शेजाऱ्याची माळ टेकली तरी त्याचा फ्यूज किंवा आरसीसीबी उडेल.

फेज_न्यूट्रल

या केसमध्ये तुमचा मुद्दा जड आहे, मान्य करतो. पण त्यांच्याकडे आरसीसीबी नसेल तर एवढ्या बारीक माळेतून फ्यूज उडण्याइतका करंट अर्थकडे जाईलच असं नाही, मध्ये वीस-तीस दिवे येतात ना. वैशालीताई, तुमच्या बिल्डिंगची अर्थ कुठवर जाते ते आधी वायरमनकडून मोजून घ्या, मग इथं लिहा, तेव्हा ठरवू.

वैशाली_डोंबिवली

रविवारी पाईपवाल्याबरोबर तेही करून घेते. वरच्या काकूंना आत्ता फोन केला, प्लग काढलाय म्हणाल्या. माळा काका संध्याकाळी ऑफिसातून आल्यावर ओढून घेणार आहेत.